वारसदारांची ३४ पदांची यादी समितीपुढे दोन पानांत कशी मांडायची?

राळेगावकर
मंडळी, जरा कामाचा प्रश्न आहे. आमची जिनिंग-प्रेसिंगची कंपनी, यवतमाळ जिल्ह्यात तीन केंद्रं, शिवाय एक सरकीची तेलघाणी. मी एचआर बघतो, म्हणजे एचआर, हजेरी, पीएफ आणि कँटीन, सगळंच. गेल्या वर्षी साहेबांनी सांगितलं की माणसं म्हातारी होताहेत, कोणाच्या जागी कोण ते लिहून काढा. तिन्ही केंद्रांच्या प्रमुखांकडून भरून घेतलं आणि एक्सेल तयार झालं. ३४ पदं, प्रत्येकासमोर वारसदारांची नावं, आणि ते कधी तयार होतील त्याचे तीन रकाने: आत्ताच, एक-दोन वर्षांत, तीन वर्षांनंतर.

आता संचालकांची चार जणांची नेतृत्व समिती बसणार आहे. अध्यक्ष म्हणाले, "मला दोन पानं द्या. कोणती पदं अडचणीची, तिथे आज कोण उभा राहू शकतो आणि कुठे काय कमी पडतं." माझ्या शीटमध्ये 'आत्ताच तयार' रकान्यात २२ नोंदी आहेत. ते बघून समिती खूश होईल आणि चहा पिऊन उठेल. पण मलाच ते २२ पटत नाहीत. कोणी असं काम केलंय का?

झेडपी_मास्तर
वारसदाराचं नाव लावायला तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. चार संचालक भाऊ-भाऊ आहेत का? मग आधी फेरफार बघा, पुढचं नंतर.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, थो सातबाऱ्याचं नाही इचारून रायला. फिटर रिटायर झाला त मशीन कोन चालवन, ते इचारते.

झेडपी_मास्तर
असं होय. मग चालू द्या. पण फेरफार बघाच.

कार्मिक_निवृत्त
राळेगावकर, मी एका मोठ्या कारखान्याच्या कार्मिक विभागात होतो. समितीसाठी अशी पानं बरीच केली आहेत, त्यातली काही फाडूनही टाकावी लागली.

पहिली गोष्ट, ३४ पदं समितीपुढे नेऊ नका. ती तुमच्याजवळ राहू द्या. समितीसमोर सहा-सात पदं पुरतात, आणि ती हुद्द्याकडे बघून निवडायची नाहीत. प्रत्येक पदाला दोन प्रश्न विचारा. हा माणूस उद्या आला नाही तर किती दिवसांत दुखायला लागेल? आणि बाहेरून तसा माणूस आणायला किती महिने लागतील? या दोन उत्तरांवर पदं लावलीत की तुमच्या तक्त्यातली निम्मी मोठी नावं खाली घसरतील आणि कोणीतरी पानेवाला वर येईल.

तुमची यादी टाका, नावं न घालता.

तिवसा_तूर
माझ्या मते एकच प्रश्न पुरेसा आहे. आठवड्याच्या आत प्रॉडक्शन थांबलं तर पद महत्त्वाचं, नाही तर नाही. आमच्या दालमिलमध्ये आम्ही असंच ठरवलं, पाच मिनिटांत यादी तयार झाली.

सुनंदा_लेखापाल
तिवसा, निम्मं बरोबर आहे तुमचं. पण मी हिशेबात २० वर्षं घालवली. आमच्याकडे लेखाप्रमुख गेले तेव्हा आठवड्यात काहीच थांबलं नाही. पगार झाले, ट्रक निघाले. चार महिन्यांनी बँकेला स्टॉक स्टेटमेंट उशिरा गेलं, त्यात गाठींचा साठा चुकला, आणि बँकेने कॅश क्रेडिटमधून उचल कमी केली. तीही ऐन खरेदीत. हळू दुखणारी पदं तुमच्या प्रश्नात सुटतात.

राळेगावकर
दोघांच्या प्रश्नांवरून काल रात्री पुन्हा लावून पाहिलं. मार्केटिंग मॅनेजर, दोन केंद्रप्रमुख, प्रशासन अधिकारी, साठा प्रमुख हे खाली गेले. राहिली सहा:

फॅक्टरी मॅनेजर, दोन वर्षांनी निवृत्त.
कापूस खरेदी प्रमुख, वय ६१, करारावर.
मुख्य ग्रेडर.
बॉयलर अटेंडंट, तेलघाणीवर.
हेड जिन फिटर, पुढच्या मे महिन्यात ५८ पूर्ण.
लेखाप्रमुख.

या सहांसमोर 'आत्ताच तयार' अशा आठ नोंदी आहेत. समजायला अक्षरं देतो. फॅक्टरी मॅनेजरसाठी क आणि ख. खरेदीसाठी पुन्हा क. ग्रेडरसाठी ग. बॉयलरला घ. फिटरला च आणि छ. लेख्याला ज.

एक शंका. बॉयलर अटेंडंट संचालकांच्या कागदावर? हसतील ना.

कार्मिक_निवृत्त
हसू द्या. बॉयलर चालवताना सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला माणूस हजर लागतो, तसा कायदाच आहे. तो नसला तर वाफ नाही, वाफ नाही तर घाणी बंद. त्याच दिवशी बंद. मात्र त्याचा दुसरा आकडा लहान आहे. बुटीबोरीकडे किंवा चंद्रपूरच्या पट्ट्यात प्रमाणपत्रवाले मिळतात, थोडे पैसे जास्त मोजले की काही आठवड्यांत येतात. तुमचा खरेदी प्रमुख याच्या बरोबर उलटा. तो गेला तर यंदा काही कळणार नाही, पुढच्या हंगामात कळेल, आणि जाहिरात देऊन तसा माणूस मिळत नाही. गावोगावच्या शेतकऱ्यांशी आणि अडत्यांशी त्याचं जे नातं आहे ते पगारपत्रकावर नसतं. म्हणून दोघंही यादीत राहतील, पण समितीला त्यांच्यासाठी वेगवेगळी गोष्ट मागायची आहे.

आता आठ नोंदी. माणसं किती?

वऱ्हाडी_ठेचा
सात. क दोन ठिकानी हाय. बापा, एकच बैल दोन वखराले!

कार्मिक_निवृत्त
ठेचा बरोबर. शीटमध्ये हे हमखास होतं. एक चांगला माणूस तीन जागी लिहिला जातो आणि तिन्ही पदं हिरवी दिसतात. म्हणून वर नोंदींची संख्या कधी लिहू नका. किती वेगवेगळी माणसं आणि किती पदं झाकली जातात, एवढंच लिहा.

पुढे प्रत्येकाला चार प्रश्न लावा. हे काम त्याने कधी एकट्याने, वरचा माणूस नसताना केलंय का? लागणारा कागद, परवाना, सहीचा अधिकार त्याच्याकडे आहे का? त्याला विचारलंय का, आणि तो त्या गावी जायला तयार आहे का? आणि तो वर गेला तर त्याच्या जागी कोण? पहिल्या तिन्हींना 'हो' आलं तरच 'आत्ताच तयार'. चौथ्याचं उत्तर वेगळं लिहायचं.

तिवसा_तूर
एवढी चाळणी लावली तर हिरवं काहीच उरणार नाही. समोर सगळं लाल दिसलं की संचालक विचारतात, मग तू वर्षभर काय केलंस? माझ्या मित्राने असा लाल कागद दिला होता. वर्षभरात त्याचीच बदली झाली.

सुनंदा_लेखापाल
ही भीती खरी आहे, मी पण पाहिलंय. पण हिरवं दाखवून जो दिवस येतो तो त्याहून वाईट.

राळेगावकर
उशीर झाला, दोन दिवस फोनवर आणि केंद्रांवर गेले. माणसांगणिक सांगतो.

क आमचा शिफ्ट इंचार्ज. मॅनेजरचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे त्यानेच युनिट चालवलं. सीसीआयच्या गाठींची उचल, प्रेसचा बिघाड, रात्रीची हमाली, सगळं. डिस्पॅचवर सह्या त्याच्याच आहेत, मी फाइल काढून पाहिल्या. म्हणजे मॅनेजरसाठी खरंच तयार. खरेदीत मात्र त्याने कंपनीच्या पैशावर एकही सौदा स्वतः ठरवलेला नाही, तो प्रमुखासोबत गाडीत बसून जातो एवढंच.

ख चं नाव मॅनेजरसाहेबांनीच सुचवलं होतं. त्याला पहिल्यांदाच विचारलं. म्हणाला, "साहेब, मी वणीतून हलणार नाही. बायको झेडपीच्या शाळेत आहे, आई आजारी आहे." दोन वर्षं त्याचं नाव रकान्यात होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

घ बॉयलरजवळ कितीतरी वर्षं आहे, हात चांगला आहे, पण प्रमाणपत्र नाही. छ चांगला फिटर, पण त्याची जन्मतारीख काढली तर तो हेड फिटरनंतर चार महिन्यांनी निवृत्त होतोय. च पक्का. मागच्या उन्हाळ्यात आठ जिनांचं ओव्हरहॉलिंग त्याने एकट्याने केलं. रोलरला खाचा पाडणं, सुरीचा दाब बसवणं, सगळं. हेड फिटर तेव्हा दुसऱ्या केंद्रावर होते.

ज, लेखा. बँकेचं स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला तोच बनवतो, पण बँकेत कधी गेला नाही, सहीचा अधिकारही नाही.

ग बाबत मला काही सांगता येत नाही. ग्रेडर म्हणतो "माझ्याइतकाच आहे". ते कसं तपासायचं?

वऱ्हाडी_ठेचा
घ ले काऊन नाही धाडलं परीक्षेले? थो तयार हाय, तुमीच झोपून रायले.

राळेगावकर
ठेचाभाऊ, हंगामात रजा कोण देईल, हाच प्रश्न दरवर्षी. आणि अर्जाला अनुभवाचा दाखला लागतो, तो कोणीच बनवून दिला नव्हता.

कपास_नाना
मी ग्रेडिंगमध्ये आयुष्य घालवलं, म्हणून ग बद्दल बोलतो. ग्रेडरची परीक्षा सोपी आहे. मागच्या हंगामाचे रुईचे नमुने ठेवले असतील ना, कागदात गुंडाळून, लॉट नंबर घालून? प्रयोगशाळेची चिठ्ठी वेगळी करा. २० नमुने त्याच्यापुढे टाका. तो चिमटीत पुंजका धरून दोन्हीकडे ओढील, धागे एकावर एक घेईल, बोटाच्या पेरावर लांबी मापील. लांबी किती, मायक्रोनेअर म्हणजे धाग्याचा जाडपणा-पक्वपणा साधारण कुठे, कचरा किती, लिहून घ्या. मग चिठ्ठी उघडा. त्याच्या गुरुजींना त्या खोलीत बसू देऊ नका, नाही तर डोळ्यांनी उत्तर सांगतील.

कार्मिक_निवृत्त
नाना, याला तोड नाही. "माझ्याइतकाच आहे" या वाक्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. राळेगावकर, करा.

पुसद_पावसाळी
थोडं वेगळं विचारते. आमच्याकडे नऊ खणांचा तक्ता करतात, आडवी कामगिरी, उभी क्षमता. तो समितीच्या पानात घालू का? दिसायला छान दिसतो.

कार्मिक_निवृत्त
दिसतो, म्हणूनच नको. समितीची १५ मिनिटं एखाद्याचा ठिपका या खणात की त्या खणात यावर जातात. तो तक्ता तुमच्या बैठकीसाठी ठेवा. वरच्यांना पद, माणूस आणि कमी काय एवढंच हवं असतं.

पुसद_पावसाळी
मला पटलं नाही. आमच्या संचालकांना तोच एक कागद कळतो. असो.

राळेगावकर
नानांची परीक्षा झाली. २० पैकी १६ नमुने लांबी आणि कचऱ्यात चिठ्ठीशी जुळले. चुकलेले चारही फरदडीचे! शेवटच्या वेचणीची कच्ची रुई त्याने चांगली समजली, चिठ्ठीवर मायक्रोनेअर खाली होतं. ग म्हणाला, फेब्रुवारीनंतर मला टेबलावर बसवतच नाहीत, तेव्हा गुरुजी स्वतः बसतात.

कपास_नाना
बघा, कळलं. फरदड सगळ्यांनाच फसवते, लांबी बोटाला बरी लागते आणि आत धागा पोकळ असतो. याचा उपाय वर्गात बसून नाही. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ग ने आधी ग्रेड लिहायची, मग गुरुजींनी, दोघांच्या पावत्या जपायच्या. फरक कमी होत गेला की तयार.

कार्मिक_निवृत्त
आणि कमतरता हीच लिहायची, राळेगावकर. बहुतेक कागदांत या रकान्यात 'नेतृत्वगुण वाढवणे', 'संवादकौशल्य' असं काहीतरी असतं. त्यावर समितीला करण्यासारखं काही नसतं. तुमच्याकडे 'फरदडीचा माल एकट्याने ग्रेड केलेला नाही' आहे. काय करायचं, कोणी आणि कधीपर्यंत, ते आपोआप पुढे येतं.

शिवाय प्रत्येक कमतरतेला एक खूण करा. वर्षात भरेल अशी, वेळ घेणारी, किंवा घरात भरणारच नाही अशी. ज ला सहीचा अधिकार आणि बँकेत सोबत नेणं वर्षात होतं. खरेदीला वेळ लागेल. ख च्या बाबतीत कमतरता नाहीच, त्याला यायचं नाही. त्याला प्रशिक्षणाच्या यादीत ठेवू नका.

सुनंदा_लेखापाल
एक भर घालते. तात्पुरता सांभाळणारा आणि वारसदार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छ वारसदार नाही, पण हेड फिटर आजारी पडला तर चार दिवस चालवेल. तसं वेगळं लिहिलं तर त्याचा मानही राहतो.

राळेगावकर
सगळ्यांचं घेऊन पहिलं पान असं झालंय. एक ओळ नमुन्याला देतो:

*हेड जिन फिटर. पद रिकामं होणार: पुढचा मे. अनुपस्थितीचा फटका: तीन दिवसांत. बाहेरून माणूस मिळायला: पाच-सहा महिने. आत्ताच तयार: च (आठ जिनांचं ओव्हरहॉलिंग एकट्याने केलं). तात्पुरतं सांभाळेल: छ. च च्या जागी: कोणी नाही. समितीकडून हवं: दोन शिकाऊ फिटर दिवाळीआधी घेण्यास मंजुरी.*

अशा सहा ओळी. वर एकच वाक्य: सहा पदांपैकी दोन पदांना आज माणूस तयार आहे, एकाला हंगाम संपेपर्यंत होईल, एकाला वर्षात, एकाला बाहेरून आणावा लागेल, खरेदी प्रमुखाच्या जागी आज कोणी नाही. दुसऱ्या पानावर समितीकडून हवे असलेले चार निर्णय आणि खर्च.

तिवसा_तूर
२२ वरून दोनवर आलात. हिंमत आहे तुमची.

कार्मिक_निवृत्त
फिटरची 'पाच-सहा महिने' ही ओळ कशावरून?

राळेगावकर
मागच्या वेळी वरोऱ्याहून एकाला आणलं तेव्हा तेवढा वेळ गेला. एकाच अनुभवावरून आहे, मान्य.

कार्मिक_निवृत्त
मग 'मागील अनुभवावरून' लिहा. आणि क बद्दल खाली टीप द्या. तो मॅनेजर झाला तर शिफ्ट इंचार्जची जागा रिकामी होते आणि खरेदीकडे वळवायला माणूसच राहत नाही. एकाच माणसावर दोन पदांची आशा ठेवलीय, हे समितीला स्पष्ट दिसलं पाहिजे. तो कुठल्या वाटेने जाणार हा निर्णय त्यांचाच.

वऱ्हाडी_ठेचा
नावं लिहून देनार की अक्षरं? एका संचालकाचा भाचा स्टोअरमधी हाय म्हनते. दुसऱ्या दिवशी सगळ्या राळेगावले मालूम होनार.

सुनंदा_लेखापाल
नावं लिहावी लागतील, नाही तर निर्णय कसा घेणार? पण मोजून चार प्रती, नंबर घालून, बैठक संपली की परत. मेलवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबातच नाही.

पुसद_पावसाळी
आणि क ला सांगायचं का, की तू पुढचा मॅनेजर? मी म्हणते सांगा. नाही तर तो नागपूरला निघून जाईल.

कार्मिक_निवृत्त
मी सांगत नसे. तुझ्यावर अशी जबाबदारी टाकून बघणार आहोत एवढंच सांगायचं. खुर्चीचं वचन दिलं आणि संचालकांनी बाहेरून आणला, तर माणूसही जातो आणि विश्वासही.

पुसद_पावसाळी
आणि न सांगता गेला तर?

कार्मिक_निवृत्त
तेही झालंय. याचं एक उत्तर माझ्याकडे नाही.

राळेगावकर
बैठक झाली, पटकन सांगतो. अध्यक्षांनी सगळ्यात आधी बॉयलरवरच बोट ठेवलं. यंदाच्या हंगामासाठी प्रमाणपत्रवाला अटेंडंट करारावर घेणार आणि घ च्या अनुभवाच्या दाखल्यावर सही तिथल्या तिथे झाली. शिकाऊ फिटर दोन मागितले, एक मिळाला. ज ला बँकेत न्यायचं ठरलं, सहीच्या अधिकारावर मात्र एक संचालक अडले, पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. ग चे २० नमुने सगळ्यांना आवडले, एकाने तर स्वतः चिमटीत पुंजका धरून बघितला आणि चुकला.

खरेदी प्रमुखावर अर्धा तास गेला. करार आणखी दोन वर्षं वाढवायचा आणि येत्या हंगामात एका बाजारपेठेची खरेदी क कडे द्यायची, असं दोघांचं मत. बाकीचे दोघे म्हणाले, मग मॅनेजर कोण? तिथेच उठले.

कपास_नाना
एका बाजारपेठेची द्या, पण लहान. आणि पहिल्या १५ दिवसांत तो कोणत्या भावाने किती क्विंटल घेतो आणि त्या मालाची रुई प्रत्यक्षात किती टक्के निघते, ते रोज लिहून ठेवा. खरेदीदार तिथेच कळतो.

तिवसा_तूर
राळेगावकर, आमच्या दालमिलसाठी तुमच्या पहिल्या पानाचा सांगाडा घेतो, माझ्या पाच मिनिटांच्या यादीत लेखापालच नव्हता. सॉर्टेक्स मशीनचा ऑपरेटर महत्त्वाच्या पदांत धरू का? बाहेरून मिळतो, पण मशीन कंपनीचं प्रशिक्षण वर्षातून एकदाच असतं.

राळेगावकर
मग बाहेरून मिळायला किती महिने लागतील, त्या रकान्यात प्रशिक्षणाची वाट बघण्याचा काळही धरा. आकडा मोठा आला तर येईल यादीत.